बँकेकडे चार हप्त्यांची सवलत मागताना

प्रश्न : भोसरी एमआयडीसीत माझं छोटं मशीनशॉप आहे. व्हीएमसी मशीनसाठी राष्ट्रीयीकृत बँकेचं मुदत कर्ज घेतलंय. २० लाख मुद्दल बाकी आहे, व्याज १२ टक्के, ४८ हप्ते उरलेत. हप्ता ५२,६६८ रुपये, दर महिन्याच्या ५ तारखेला. निम्मं काम देणाऱ्या कंपनीने लाइन बदलायला घेतल्यामुळे जुलैपासून त्यांची ऑर्डर बंद आहे. नोव्हेंबरमध्ये पुन्हा सुरू होईल असा त्यांचा मेल आहे. त्यांच्याकडे ३ लाख ६० हजारांची बिलंही अडकली आहेत. ऑगस्टचा हप्ता मेहुण्याकडून उसने घेऊन भरला, सप्टेंबरचा जमणार नाही. बँकेसाठी हे पत्र लिहिलंय, सुधारून द्याल का? "महोदय, मी आपल्या बँकेचा जुना व प्रामाणिक ग्राहक आहे. सध्या मार्केट फारच डाऊन आहे. आईच्या आजारपणातही बराच खर्च झाला. कामगारांचे पगार देणेही कठीण झाले आहे. तरी माझे हप्ते सहा महिने किंवा परिस्थिती सुधारेपर्यंत थांबवावेत व व्याज माफ करावे. कोरोनाच्या वेळी दिली तशी सवलत द्यावी. अन्यथा मला धंदा बंद करावा लागेल. सहानुभूतीने विचार व्हावा ही नम्र विनंती."

उत्तर : तुमचं पत्र ज्यांच्या टेबलावर जाईल, त्यांच्या हातात बहुधा निर्णय नसतो. शाखेतले कर्ज अधिकारी त्यावरून एक टिपण तयार करतात आणि ते वरच्या मंजुरीसाठी जातं. त्या टिपणात त्यांना चार गोष्टी लिहाव्या लागतात : अडचण नेमकी कशामुळे आली, ती तात्पुरती आहे हे कशावरून, या काळात कर्जदार किती भरू शकतो आणि पुढे पूर्ण हप्ता कोणत्या पैशातून येणार. तुमच्या मसुद्यात यातल्या एकाचंही उत्तर नाही. तुम्ही आम्हाला लिहिलेल्या प्रश्नात मात्र जवळजवळ सगळी आहेत. म्हणजे माहिती तुमच्यापाशी आहे, ती फक्त पत्रात उतरलेली नाही.

आधी काय काढायचं ते पाहू. "अन्यथा धंदा बंद करावा लागेल" हे वाक्य सगळ्यात घातक आहे. दडपण यावं म्हणून तुम्ही ते लिहिलंत, पण वाचणाऱ्याला त्यातून कळतं ते हे की अडचण कायमची आहे. मग काही महिने थांबून बँकेला काय मिळणार? "परिस्थिती सुधारेपर्यंत" यातही तोच दोष आहे, कारण शेवटची तारीख नसलेली सवलत कोणी मंजूर करत नाही. "मार्केट डाऊन" हे सगळेच लिहितात. तुमच्याकडे त्याहून पक्कं कारण आहे : एक ग्राहक, एक लाइन, एक मेल. व्याजमाफी शाखेच्या हातात नसते आणि नियमित खात्याला ती मिळतही नाही. ती मागितली की मूळ मागणीसुद्धा अवास्तव वाटू लागते.

"प्रामाणिक ग्राहक" काढा आणि तिथे परतफेडीचा इतिहास लिहा. मंजुरीपासून एकही हप्ता चुकला नसेल तर तेवढं एक वाक्य पुरतं. एखादा उशिरा गेला असेल तर महिना आणि किती दिवस उशीर झाला ते लिहा, कारण अधिकाऱ्यांना ते स्क्रीनवर दिसतंच. आईच्या आजारपणाचा खर्च होऊन गेला असेल तर त्याचा उल्लेख नको. तो दरमहा चालूच असेल तर खर्चाच्या तक्त्यात रकमेसकट घाला.

कोरोनाचा दाखलाही गाळा. तेव्हा रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० रोजी सगळ्या बँकांना खास परवानगी दिली होती. ती १ मार्च ते ३१ मे या काळातल्या हप्त्यांसाठी होती, पुढे ३१ ऑगस्टपर्यंत वाढली, आणि त्या मुदतीत खात्याचं वर्गीकरण बिघडत नव्हतं. व्याज मात्र चालूच होतं. आज तुमच्यासारख्या कारणासाठी अशी सरसकट परवानगी नाही, आणि इथेच या मागणीतली खरी गोम आहे.

सर्वसाधारण नियमांप्रमाणे, कर्जदार आर्थिक अडचणीत आहे म्हणून बँकेने परतफेडीच्या अटी सैल केल्या तर त्याला पुनर्रचना म्हणतात. आणि पुनर्रचना झालेलं नियमित खातं, एकही हप्ता थकलेला नसला तरी, एनपीए म्हणजे अनुत्पादक कर्जांच्या वर्गात टाकावं लागतं. तिथून वर यायला सवलत संपून भरणा सुरू झाल्यावर किमान वर्षभर चोख परतफेड दाखवावी लागते. घोषित नैसर्गिक आपत्तीसारख्या काही प्रसंगी वेगळे नियम आहेत, तुमचं प्रकरण त्यात बसत नाही. म्हणून बँक "हो" म्हणाली तरी ते तुमच्या फायद्याचं असेलच असं नाही. उद्या कॅश क्रेडिट वाढवायचं असेल किंवा दुसऱ्या मशीनसाठी कर्ज हवं असेल, तर हा शिक्का आड येतो. पत्र देण्याआधी शाखेत हा एकच प्रश्न विचारा : "ही सवलत दिली तर माझं खातं कोणत्या वर्गात जाईल?" आणि तोच प्रश्न पत्रातही लेखी घाला.

काहीच न करता हप्ता चुकवला तर काय होतं, तेही तारखांनिशी पाहा. ५ सप्टेंबरचा हप्ता दिवसअखेर जमा नसेल तर त्याच दिवशी खातं थकीत होतं आणि एसएमए-० या धोक्याच्या पहिल्या पायरीवर जातं. तोच हप्ता तसाच राहिला तर ५ ऑक्टोबरला एसएमए-१, ४ नोव्हेंबरला एसएमए-२ आणि ४ डिसेंबरला एनपीए. तुमची ऑर्डर नोव्हेंबरात सुरू होणार आणि तिचे पैसे डिसेंबरच्या शेवटी येणार. म्हणजे नुसतं गप्प बसलात तर पैसे यायच्या तीन आठवडे आधीच खातं बुडीत वर्गात गेलेलं असेल. आपल्यापुरतं ठरवून नुसतं व्याज भरत राहिलात तरी सुटका नाही, मंजुरी नसेल तर हप्त्याचा उरलेला भाग थकीतच धरला जातो. पत्र ऑगस्टमध्येच का द्यायचं, ते यावरून कळेल.

आता आकडे मांडू. तुमच्या प्रश्नात जमाखर्च नाही, म्हणून खालचे आकडे नमुन्यादाखल धरले आहेत. तिथे स्वतःचे भरा, रीत तीच ठेवा. सगळे आकडे जीएसटी वगळून आहेत.

| दरमहा (रुपये) | सध्या | ऑर्डर सुरू झाल्यावर |
|---|---|---|
| ग्राहकांकडून जमा | ३,१०,००० | ६,००,००० |
| माल | ९५,००० | २,१५,००० |
| पगार | ९८,००० | १,७५,००० |
| वीजबिल | ३५,००० | ५८,००० |
| गाळ्याचं भाडं | २२,००० | २२,००० |
| टूल्स, वाहतूक | १२,००० | २५,००० |
| घरखर्च | २०,००० | ३०,००० |
| हप्त्यासाठी शिल्लक | २८,००० | ७५,००० |

घरखर्चाची ओळ बहुतेक जण गाळतात. ती नसली की अधिकारी विचारतात, घर कशावर चालतं? मग संपूर्ण तक्त्यावरचाच विश्वास उडतो. सध्याच्या रकान्यात ती दहा हजारांनी कमी आहे, तशी तुम्ही खरोखर केली असेल तरच लिहा. विक्रीचे आकडे जीएसटीच्या ३बी विवरणांशी जुळले पाहिजेत आणि जमा रकमा चालू खात्याच्या उताऱ्याशी. अधिकारी हेच दोन कागद शेजारी ठेवून वाचतात. मेहुण्याचे पैसे उताऱ्यात दिसणार आहेत, तेव्हा तक्त्याखाली एका ओळीत तेही सांगून टाका : किती घेतले, आणि कर्जाचा पूर्ण हप्ता सुरळीत होईपर्यंत ते परत करणार नाही.

तक्ता दोन गोष्टी दाखवतो. पहिली : तुमच्याकडे हप्त्यासाठी शून्य नाही, २८,००० आहेत. २० लाखांवर एका महिन्याचं व्याज २०,००० होतं. म्हणजे पूर्ण हप्ता थांबवायची गरजच नाही. व्याज भरत राहून फक्त मुद्दल थांबवता येईल. दुसरी : चार महिन्यांची तुमची खरी तूट दरमहा २४,६६८, म्हणजे एकूण ९८,६७२ रुपये आहे. लाखाच्या आतली तूट भरून काढायला एनपीएचा शिक्का घ्यायचा का, याचा विचार नीट करा.

सवलत कोणत्या प्रकारे मागायची, यावर तिची किंमत ठरते. चार महिने काहीच भरलं नाही, तर व्याज मुद्दलात चढून बाकी २०,८१,२०८ होते. नंतर हप्ता तोच ठेवला तर ४८ ऐवजी ५१ हप्ते लागतात (शेवटचा लहान असतो) आणि एकूण भरणा साधारण १ लाख ३३ हजारांनी वाढतो. चार महिने फक्त व्याज भरून नंतर तेच ४८ हप्ते भरले, तर जादा खर्च ८०,००० आणि कर्ज चार महिने उशिरा फिटतं. तिसरा मार्ग म्हणजे चार महिने फक्त व्याज, पण कर्ज फिटण्याची मूळ तारीख न हलवता उरलेल्या ४४ महिन्यांत सगळं फेडायचं. त्यात हप्ता ५६,४०९ होतो आणि जादा खर्च सुमारे ३४,००० वर थांबतो. ७५,००० शिल्लकीत तो बसतो खरा, पण एखादं बिल महिनाभर लांबलं की पुन्हा ओढाताण होईल. आम्ही दुसरा मार्ग मागायला सांगू. हे आकडे स्वतः ताडायचे असतील तर एक्सेलमध्ये हे टाका, दर आणि महिने बदलून बघा :

```
=PMT(12%/12,48,-2000000)
```

सवलत चारच महिन्यांची का, हेही पत्रातून कळलं पाहिजे. यात हमखास होणारी चूक म्हणजे ऑर्डर आली म्हणजे पैसे आले असं धरणं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ऑर्डर सुरू झाली, १० तारखेला पहिला माल गेला, बिल झालं आणि ४५ दिवसांनी पैसे आले, तर ती तारीख २५ डिसेंबर येते. म्हणून ५ सप्टेंबर, ५ ऑक्टोबर, ५ नोव्हेंबर आणि ५ डिसेंबर हे चार हप्ते सवलतीचे, आणि पूर्ण हप्ता ५ जानेवारीपासून. तुमच्या मसुद्यातले "सहा महिने" कुठून आले ते पत्रात कुठेच दिसत नाही. चार महिन्यांना मात्र हिशोबाचा आधार आहे.

त्याच वेळी आणखी एक खड्डा सांभाळा. काम पुन्हा सुरू करायला माल, जादा पाळीचे पगार, वीज आणि टूल्स यांचा खर्च दरमहा २,३३,००० नी वाढणार आहे, आणि पहिलं बिल जमा होईपर्यंत दीड महिना तो खिशातून करावा लागेल. म्हणजे साधारण ३,५०,०००. तुमची अडकलेली ३,६०,००० ची बिलं नेमकी इथे लागणार आहेत. अनेक अर्जांत हेच पैसे एका परिच्छेदात हप्त्यासाठी आणि दुसऱ्यात मालासाठी दाखवलेले असतात. एकच रक्कम दोनदा वापरलेली दिसली की प्रस्ताव तिथेच परत येतो. ती रक्कम कशासाठी आहे, हे एकदाच आणि स्पष्ट लिहा. कंपनीकडून त्या बिलांच्या तारखेचा मेल घ्या. तुमची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून असेल, तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे ४५ दिवसांहून जास्त उधारीचा करार करता येत नाही, आणि उशीर झाला तर व्याज लागू होतं. हे त्या कंपनीच्या अकाउंट्स विभागाला ठाऊक असतं. मेलमध्ये नम्रपणे आठवण करून द्यायला हरकत नाही.

उद्यम नोंदणीचा बँकेकडेही उपयोग आहे. अडचणीतल्या लघुउद्योगांसाठी १७ मार्च २०१६ ची रिझर्व्ह बँकेची एक चौकट आहे. २५ कोटींपर्यंतच्या कर्जांना ती लागू होते आणि धंदा अडचणीत येतोय असं दिसल्यावर उद्योजक स्वतःही तिच्याखाली अर्ज करू शकतो. दहा लाखांवरची प्रकरणं बँकेच्या समितीपुढे जातात. समितीपुढे तीन वाटा असतात : खातं सावरणं, पुनर्रचना किंवा वसुली. यातली पहिली वाट तुमच्या कामाची आहे. तिच्यात कर्जाच्या अटी सैल न करता, गरज असेल तर थोडं जादा खेळतं भांडवल देऊन खातं नियमित ठेवता येतं. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही चौकट बँकांवर बंधनकारक असल्याचं सांगितलं. पण त्याचबरोबर, खातं एनपीए होण्याआधी उद्योजकानेही आपण लघुउद्योग असल्याचं कागदांनिशी बँकेच्या नजरेला आणलं पाहिजे, असंही म्हटलं. म्हणून खालच्या पत्रात चौकटीचं नाव आणि पर्यायी मागणी मुद्दाम घातली आहे. पत्र एका पानात बसवा, तक्ता सोबत जोडा.

"प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
(बँक व शाखा)

दिनांक : १८ ऑगस्ट

विषय : मुदत कर्ज खाते क्र. ____ : सप्टेंबर ते डिसेंबर या चार हप्त्यांतील मुद्दलाची परतफेड पुढे ढकलण्याबाबत.

महोदय,

वरील खात्यात आपल्या उताऱ्यानुसार आज २०,००,००० रुपये मुद्दल बाकी असून मासिक हप्ता ५२,६६८ रुपये आहे. ऑगस्टपर्यंतचे सर्व हप्ते मुदतीत भरले आहेत. आज कोणतीही थकबाकी नाही. आमची उद्यम नोंदणी क्र. ____ आहे.

आमच्या विक्रीपैकी सुमारे निम्मी विक्री ज्या कंपनीला होते, तिने उत्पादन लाइन बदलण्यासाठी जुलैपासून खरेदी थांबवली आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून खरेदी पुन्हा सुरू होईल असे त्यांनी ईमेलने कळवले आहे (जोडपत्र १). ४५ दिवसांच्या उधारीमुळे पहिल्या बिलाची रक्कम २५ डिसेंबरच्या सुमारास जमा होईल. इतर ग्राहकांचे काम नियमित चालू आहे.

दुसरी पाळी बंद करून व घरखर्च कमी करून सध्या दरमहा २८,००० रुपये कर्जफेडीसाठी उरतात. काम पूर्ववत झाल्यावर ही शिल्लक ७५,००० रुपये होईल, म्हणजे हप्त्याच्या सुमारे १.४ पट (जोडपत्र २). सदर कंपनीकडून येणे असलेली ३,६०,००० रुपयांची बिले (जोडपत्र ३) काम पुन्हा सुरू करताना लागणारा माल व पगार यासाठी वापरली जातील. ती कर्जफेडीच्या हिशोबात धरलेली नाहीत.

विनंती पुढीलप्रमाणे आहे. ५ सप्टेंबर, ५ ऑक्टोबर, ५ नोव्हेंबर व ५ डिसेंबर रोजी फक्त व्याज, दरमहा सुमारे २०,००० रुपये, भरण्यास परवानगी मिळावी. ५ जानेवारीपासून ५२,६६८ रुपयांचा पूर्ण हप्ता सुरू होईल व कर्जाची मुदत चार महिन्यांनी वाढेल. अडकलेली बिले जमा झाल्याचे व नोव्हेंबरमध्ये पहिला माल पाठवल्याचे कागद आम्ही त्या त्या वेळी शाखेत सादर करू.

या सवलतीमुळे खात्याचे वर्गीकरण बदलणार असल्यास मंजुरीपूर्वी लेखी कळवावे. तसे असल्यास, लघुउद्योगांच्या पुनरुज्जीवन व पुनर्वसनाच्या १७ मार्च २०१६ च्या चौकटीनुसार, सवलतीऐवजी १,१०,००० रुपयांचे तात्पुरते जादा खेळते भांडवल देऊन खाते नियमित ठेवण्याचा विचार व्हावा. त्याची परतफेड जानेवारी ते जून अशा सहा समान मुद्दल हप्त्यांत, व्याजासह, करू.

सहकर्जदार व जामीनदार यांची संमती खाली स्वाक्षरीने दिली आहे. युनिटची पाहणी कोणत्याही कामाच्या दिवशी करता येईल.

आपला विश्वासू,
(सही, शिक्का)"

पत्रातल्या काही जागांचं कारण सांगायला हवं. बाकी रक्कम "आपल्या उताऱ्यानुसार" अशी लिहिली आहे, कारण सही केलेल्या पत्रातला आकडा म्हणजे कर्जाची लेखी कबुली ठरतो. तो आकडा बँकेच्या नोंदीतला असावा, तुमच्या आठवणीतला नको. व्याज "सुमारे" लिहिलं, कारण बँक ते दिवसांवर मोजते. ३१ दिवसांच्या महिन्यात थोडं जास्त येईल. पर्यायी मागणी १,१०,००० ची आहे, कारण ९८,६७२ ची तूट आणि त्या रकमेचं स्वतःचं व्याज तिच्यात बसलं पाहिजे. परतफेडही हिशोबात बसते : हप्ता भरून जानेवारीपासून २२,३३२ उरतात आणि मुद्दलाचा हप्ता १८,३३४ पडतो, वर हजारभर व्याज. जामीनदारांची सही आत्ताच घेतली नाही, तर मंजुरीनंतर पूरक करारावर सही करायला ते पहिल्यांदा हे ऐकणार, आणि तिथे आठवडे जातात.

जोडपत्रं तीनच ठेवा : कंपनीचा मेल, जमाखर्चाचा तक्ता आणि थकलेल्या बिलांची तारीखवार यादी. खात्याचे उतारे आणि ३बी विवरणं वेगळ्या फाइलमध्ये द्या. मेल कंपनीच्या अधिकृत पत्त्यावरून आलेला हवा आणि त्यात महिना स्पष्ट हवा. "लवकरच सुरू करू" अशा मेलवर टिपण लिहिता येत नाही. तसाच असेल तर खरेदी विभागाकडून महिना आणि अंदाजे नगसंख्या मागून घ्या. या सगळ्या प्रस्तावातला हा सगळ्यात वजनदार कागद आहे, त्यासाठी पत्र दोन दिवस थांबलं तरी चालेल. ऑगस्ट मात्र ओलांडू नका.

पत्र शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या, आणि तेच शाखेच्या ईमेलवरही पाठवा. लेखी मंजुरी हातात येईपर्यंत जुनाच हप्ता लागू आहे. "साहेब हो म्हणाले" याला काही अर्थ नाही. वसुली एनएसीएचच्या आपोआप कपातीच्या आदेशाने दुसऱ्या बँकेतल्या खात्यातून होत असेल, तर तो आदेश बंद करू नका. शिल्लक नसल्याने तो परत गेला तर धनादेश न वटल्यासारखीच फौजदारी तरतूद २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ मध्ये आहे. ५ सप्टेंबरपर्यंत मंजुरी आली नाही, तर शक्य तेवढी रक्कम खात्यात ठेवा आणि त्याच दिवशी शाखेला मेल करा की अर्ज प्रलंबित आहे व इतकी रक्कम जमा केली आहे. उरलेली रक्कम ५ ऑक्टोबरच्या आत कशी भरता येईल ते बघा. अडकलेल्या बिलांतलं एखादं आधी सुटलं तर त्यातून हा खड्डा बुजवणं सगळ्यात स्वस्त पडेल. मग कामाच्या भांडवलात तेवढा भाग कमी होईल, त्याचा सुधारित तक्ता बँकेला द्या.

नकार आला तर कारण लेखी मागा. बँकेने व्यावसायिक निर्णय म्हणून सवलत नाकारली, याविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फारसं काही होत नाही. लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तरच दिलं नाही, तर मात्र तिथे जाता येतं.

मंजुरीपत्र आलं की चार ठिकाणी बोट ठेवून वाचा : सवलतीच्या चार तारखा, त्या काळात भरायची रक्कम, नवीन शेवटची तारीख आणि प्रक्रिया शुल्क. दंड आकारायचा असेल तर तो वेगळं शुल्क म्हणूनच आकारता येतो. व्याजदरात मिसळून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही. मग सुधारित परतफेड तक्ता छापून मागा आणि ५ तारखेच्या दोन दिवस आधी शाखेत विचारून घ्या की संगणकातला हप्त्याचा आकडाही बदलला आहे का. कागद मंजूर झालेला असतो, पण सिस्टिममध्ये जुना हप्ता तसाच असतो, आणि ५ तारखेला खात्यातून ५२,६६८ ओढले जाऊन पगाराचे पैसे जातात, असं होऊ शकतं.